गंजून जाम झालेला जीआय एल्बो दोन पाईप पान्यांनी सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले सगळे प्रश्न एकाच प्रकारच्या कामाचे आहेत. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी अर्धा, पाऊण किंवा एक इंची जीआय लाईन, वीस-पंचवीस वर्षं जुनी, आणि तिच्यातला एक एल्बो, टी किंवा सॉकेट गंजून असा बसलेला की पाना लावला तरी ढिम्म हलत नाही. भिंतीत गाडलेल्या फिटिंगचं दुखणं थोडं वेगळं असतं. त्याबद्दल जिथे गरज आहे तिथेच बोललो आहे.

जीआय पाईपवर जस्ताचा मुलामा असतो ना, मग नेमका जोडच का गंजतो?

कारण जोडावर तो मुलामा नसतोच. पाईप कारखान्यातून जस्त चढवून येतो, पण प्लंबर तो मापाला कापतो आणि टोकाला डाय मारून आटे पाडतो. आटे पाडताना जस्त कापलं जातं आणि खालचं उघडं लोखंड वर येतं. फिटिंगमध्ये गेलेल्या आट्यांना निदान सफेदा, म्हणजे जोडात लावायची पांढरी पेस्ट, आणि सुतळी असते. पण फिटिंगच्या तोंडाबाहेर दोन-तीन आटे उघडे राहतात आणि पावसाचं पाणी नेमकं तिथे थांबतं. गंज तिथून सुरू होऊन आत सरकतो.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. बंद जागेत तो फुगला की दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांवर आवळतो. त्यात जुना सफेदा वाळून दगड झालेला असतो. म्हणजे तुम्ही आवळलेला स्क्रू सोडवत नसता, पाचर मारलेली फट उघडत असता. म्हणूनच नुसत्या जोरापेक्षा तेल, ठोके आणि ऊब यांचं काम इथे जास्त आहे.

एका पान्याने होत नाही का? पाईप तर भिंतीला क्लॅम्पने धरलेलाच आहे.

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. क्लॅम्प पाईपाला पडू देत नाही, पण गोल फिरण्यापासून रोखत नाही. एल्बोला एकच पाना लावून जोर केलात, तर तो जोर पाईपातून खाली उतरतो आणि लाईनमधला जो जोड सगळ्यात कच्चा असेल तिथे जाऊन लागतो. तो जोड बहुतेक वेळा खालच्या मजल्याच्या बाथरूमच्या भिंतीत असतो. गच्चीवर तुम्हाला वाटतं, वा, हललं! आणि तासाभराने खालचे शेजारी ओल आल्याचं सांगायला वर येतात.

दुसरा पाना पाईपाला धरतो. दोन्ही पान्यांचा जोर एकमेकांविरुद्ध असला की तो त्या दोघांच्या मधल्या जोडावरच लागतो. बाकीच्या लाईनला काही कळतही नाही. माझ्या मते या कामात फिरवणाऱ्या पान्यापेक्षा धरणारा पाना महत्त्वाचा. नवशिक्या माणसाचं सगळं लक्ष फिरवणाऱ्या हाताकडे असतं आणि धरणारा पाना तो कुठेतरी भिंतीला टेकवून ठेवतो.

पाने नक्की कुठे आणि कोणत्या बाजूला तोंड करून लावायचे?

पाऊण इंची लाईनसाठी १४ इंची दोन पाईप पाने पुरतात. एक १८ इंची जवळ असला तर बरं, पण त्याला शेवटी हात लावायचा.

धरणारा पाना जोडापासून साधारण दोन बोटांवर, पाईपाच्या सरळ भागावर लावा. उघड्या आट्यांवर लावू नका, ते चिरडतात. फार लांबही नको, कारण मधला पाईप पिळला जातो. फिरवणारा पाना एल्बोच्या तोंडाशी जी जाड कड असते तिच्यावर लावा. एल्बोच्या मधल्या वळणावर धरलात तर ते अंग दबतं, भोक लंबगोल होतं आणि आटे आणखी घट्ट आवळतात.

पाईप पाना एकाच बाजूला चावतो. ज्या बाजूला जबड्यांचं तोंड उघडं आहे त्या बाजूला दांडा ओढला की दात रुततात, उलट ओढला की पाना घसरतो. दोन पान्यांचा जोर विरुद्ध दिशांना हवा असल्याने त्यांची तोंडंही एकमेकांच्या विरुद्ध येतात. पाईप जबड्याच्या पार आत, तळाशी टेकवू नका. तिथे करंगळीएवढी फट राहू द्या, म्हणजे पकड दातांच्या मधोमध येते आणि जोर वाढेल तशी ती आणखी आवळते.

आता दिशा. पाईप उभा आहे आणि एल्बो त्याच्या वरच्या टोकाला आहे असं धरू. वरून पाहिल्यावर एल्बो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरला की सुटतो. समोर उभं राहून एल्बोचा पाना डाव्या हातात आणि पाईपाचा उजव्या हातात घ्या. दोन्ही दांडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे तुमच्याकडे यायला हवेत. मग ते पोटासमोर एकमेकांकडे दाबत आणायचे. यात शरीराचा तोल जात नाही आणि पाना सुटला तरी तुम्ही कठड्याकडे फेकले जात नाही. दांड्यांच्या मध्ये बोटं मात्र ठेवू नका.

एल्बो पाईपाच्या खालच्या टोकाला असेल तर खालून वर पाहून हीच दिशा ठरवायची. इथे गोंधळ हमखास होतो. खडूने बाण काढून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

एल्बोच्या दुसऱ्या तोंडातही पाईप आहे. मग तो फिरणार कसा?

नाही फिरणार. दोन्हीकडे पाईप असलेला एल्बो तसाच्या तसा सुटत नाही, कारण तो फिरवायचा तर दुसरा पाईप पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरायला हवा. सरळ लाईनमधल्या सॉकेटचंही तसंच. मधला पाईप एका टोकाला सोडवायला गेलात की दुसऱ्या टोकाला तो आवळला जातो.

म्हणून आधी लाईन कुठेतरी तोडावी लागते. जवळ युनियन, म्हणजे मधला नट सोडला की लाईन वेगळी होते असा जोड, असेल तर ती सोडा. नसेल किंवा तीही जाम असेल, तर हॅक्सॉने दुसरा पाईप कापा. पण एल्बोच्या तोंडाशी कापू नका. सहा-आठ इंचांचा तुकडा एल्बोत राहू द्या. जोड सैल झाल्यावर तोच तुकडा हाताने धरून एल्बो फिरवता येतो. पहिला जोर मात्र या तुकड्यावर लावायचा नाही. त्याच्या मुळाशी गंजलेले आटे असतात आणि तो तिथेच मोडतो.

हा पाईप सोडवण्याच्या लायकीचा उरला आहे की नाही, हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. पाऊण इंची मध्यम जाडीच्या पाईपाची, म्हणजे ज्यावर निळा पट्टा असतो त्या बी क्लासची भिंत नवी असताना २.६ मिलिमीटर असते. आट्यांची खोली साधारण १.१६ मिलिमीटर. म्हणजे आट्याच्या तळाशी नव्या पाईपातही जेमतेम १.४ मिलिमीटर लोखंड उरतं. त्यातलं बाहेरून आणि आतून गंजाने किती खाल्लं, एवढाच प्रश्न. पाईप मोडतो तेव्हा तो नेहमी फिटिंगच्या तोंडाशी, पहिल्या उघड्या आट्यावर का मोडतो, याचं उत्तर याच आकड्यांत आहे.

तारेच्या ब्रशने ते उघडे आटे घासून काढा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे दाबून बघा. तपकिरी भुकटी पडून खाली करडं, कठीण लोखंड लागलं तर काम करण्यासारखं आहे. पापुद्रे सुटून टोक आत रुतत असेल, किंवा थेंब आट्याच्या तळातूनच झिरपताना दिसत असेल, तर हा जोड सोडवायच्या फंदात पडू नका. तो पाना लावताच मोडेल. अशा वेळी पाईप खाली चांगल्या भागात कापून नवे आटे पाडणं स्वस्त पडतं.

तेल कोणतं, आणि किती वेळ मुरू द्यायचं?

गंज सैल करणारा कोणताही पातळ स्प्रे चालतो. जुने लोक रॉकेल किंवा डिझेल वापरत. तेही मुरतं, पण सावकाश, आणि नंतर तापवायचं असेल तर धोकादायक. तेल कोणतं यापेक्षा किती वेळ दिला याला महत्त्व आहे. दहा मिनिटांत काही होत नाही. आदल्या संध्याकाळी एकदा, रात्री एकदा आणि सकाळी एकदा मारा.

प्रत्येक वेळी तेल मारल्यावर हातोडीचे ठोके द्या. एल्बोच्या कडेला एका बाजूने जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने लहान हातोडीने ठोका. गोल फिरत वीस-तीस ठोके पुरे. ठोका टणक हवा, पण जोराचा नको. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. मागे टेकू न देता ठोकलंत तर सगळा हादरा पाईपाच्या त्याच कच्च्या आट्यावर जातो.

जीआयची नेहमीची फिटिंग मॅलिएबल लोखंडाची असतात. ती हे ठोके सोसतात. जुन्या वाड्यात किंवा कारखान्यात बिडाचं जाड, खडबडीत फिटिंग आढळलं तर त्याला ठोकू नका, ते तडकतं.

हलकी उष्णता म्हणजे किती, आणि ती द्यायची कशी?

फिटिंग साधारण १५० अंश सेल्सियसपर्यंत जावं, २०० च्या वर नको. मोजायला यंत्र लागत नाही. ओल्या बोटाने पाण्याचा थेंब एल्बोवर उडवा. थेंब पसरून चुर्र करत पटकन उडून गेला तर तुम्ही योग्य जागी आहात. तापल्या तव्यावर नाचतो तसा थेंब गोळी होऊन घरंगळू लागला, तर जास्त तापलं. थांबा.

सगळ्यात सोयीची हीट गन, म्हणजे रंग काढायला वापरतात ती गरम हवेची बंदूक. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. गनचं तोंड एल्बोच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून सगळीकडून फिरवत तीन-चार मिनिटं तापवा. हवा एल्बोवर लागली पाहिजे, पाईपावर नाही. पाईपाभोवती, धरणाऱ्या पान्याच्या जागी, ओलं फडकं गुंडाळून ठेवा. आपल्याला बाहेरचा एल्बो प्रसरण पावायला हवा आहे आणि आतला पाईप आहे तसा राहायला हवा आहे. दोन्ही सारखे तापले तर फायदा निम्म्याहून कमी.

हे प्रसरण किती असतं? पाऊण इंची पाईपाचा बाहेरचा व्यास सुमारे २६.९ मिलिमीटर. एल्बो त्याच्यापेक्षा १२० अंशांनी जास्त गरम झाला तर त्या व्यासावर फरक पडतो जवळपास ०.०४ मिलिमीटर. पेपराच्या कागदाच्या जाडीहून कमीच. ऐकायला क्षुल्लक, पण पाचरीसारख्या बसलेल्या गंजाला तेवढं सरकणं पुरतं. शिवाय वाळलेल्या सफेद्याची पकडही या उबेने ढिली होते.

हीट गन नसेल तर एल्बोभोवती जाड सुती फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी सावकाश ओता, दोन-तीन किटल्या. तापमान तेवढं वर जात नाही, पण अर्धा इंची जोडाला अनेकदा एवढंच पुरतं, आणि आगीची भीती नाही.

गॅसच्या टॉर्चने लाल करून का नाही? वेल्डर तर तसंच करतात.

वेल्डर उघड्या लोखंडावर ते करतात. जीआयवर जस्त आहे. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं. टॉर्चच्या झोताखाली ते जळू लागलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि अंग मोडून येतं. जुन्या जोडात टेफ्लॉन टेप असेल तर ती साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागते आणि आणखी तापवली की तिची वाफही तसाच त्रास देते. लाल केल्यावर मुलामा जातोच, म्हणजे जो पाईप तुम्ही ठेवणार आहात तोच पुढच्या पावसाळ्यात गंजणार.

टॉर्चच वापरायची वेळ आली तर ज्योत मंद ठेवा, एका जागी धरू नका, आणि थेंबाची परीक्षा दर अर्ध्या मिनिटाला करा. जस्ताची चमक जाऊन पिवळट झाक दिसू लागली की ज्योत बाजूला.

पाच मिनिटं तापवतोय, तरी एल्बो हाताला जेमतेम कोमट लागतो. काय चुकतंय?

आत पाणी आहे. पाणी असेपर्यंत लोखंड शंभर अंशांच्या वर जातच नाही, सगळी उष्णता पाणी खाऊन टाकतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाईन रिकामी झाली असं नाही. लाईनवरचा सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवावा लागतो आणि वरून हवा शिरायला वाटही लागते. माझ्याकडूनही हे झालेलं आहे, ते पुढे सांगतो.

पाणी अडकलेलं असताना दोन्ही तोंडं बंद असतील तर वाफ साठून जोड अंगावर उडू शकतो. त्यामुळे तापवण्याआधी निदान एक टोक उघडं हवंच.

कुठे अजिबात तापवायचं नाही?

गॅसच्या लाईनवर. अनेक शहरांत घरात येणारा पाईप गॅसही जीआय पाईपातूनच येतो. त्या जोडाला ना पाना लावायचा ना ऊब द्यायची, गॅस कंपनीच्या माणसालाच बोलवायचं.

प्लॅस्टिकच्या टाकीच्या निपलजवळ, पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी लाईनपासून हातभर अंतरात आणि वायरी जात असतील तिथेही नको. टाकी जवळ असेल तर मध्ये ओलं पोतं उभं करा आणि उकळत्या पाण्यावरच भागवा. तेल मारलेला जोड तापवण्याआधी फडक्याने कोरडा पुसा आणि स्प्रेचा डबा दूर ठेवा. बादलीभर पाणी शेजारी हवं.

तापल्यावर लगेच फिरवायचं की थंड झाल्यावर?

दोन्ही वेळा, पण वेगवेगळ्या कारणांनी. गन बाजूला ठेवल्यापासून पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं, तेव्हा एल्बो फुगलेला असतो आणि आतला पाईप अजून तापलेला नसतो. पाने आधीच मापाला लावून तयार ठेवा. हातमोजे चामड्याचे घाला, रबराचे चिकटतात.

आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा, मग सोडायच्या दिशेने. उलटसुलट दोन-तीन वेळा. जोर हळूहळू वाढवत न्या आणि दहा सेकंद तसाच धरून ठेवा, झटका देऊ नका. नाही हललं तर राहू द्या. एल्बो हाताला सोसेल इतका निवला की पुन्हा तेल सोडा. निवताना धातू आकसतो आणि तेल आत ओढलं जातं. त्याआधी, फार गरम असताना सोडलं तर तेल धूर होऊन जातं. तेल नसेल तर गरम जोडावर मेणबत्तीचं टोक फिरवा, वितळलेलं मेण बारीक फटीतही उतरतं.

हा एक फेरा झाला. तीन-चार फेरे लागणं नेहमीचं आहे.

एल्बो हललाय की पाईपच पिळला जातोय, हे कसं ओळखायचं?

खडूने. काम सुरू करण्याआधी एल्बोच्या कडेवरून पाईपावर अशी एक उभी सरळ रेघ ओढा आणि ती खाली धरणाऱ्या पान्याच्या पलीकडे हातभर न्या. भिंतीवरच्या क्लॅम्पवरही त्याच रेषेत खूण करा.

जोड सुटतोय तेव्हा रेघ बरोबर एल्बोच्या तोंडाशी तुटते. वरचा तुकडा बाजूला सरकतो, खालचा जागेवर राहतो. रेघ अखंड आहे पण क्लॅम्पवरची खूण चुकली, तर अख्खा पाईप फिरतोय. ताबडतोब थांबा आणि धरणारा पाना नीट लावा. आणि रेघ तोंडाशी न तुटता उघड्या आट्यांवरून तिरकी झाली, तर पाईप पिळायला लागलाय. यापुढचा जोर तो मोडणारच आहे.

कानही उपयोगी पडतो. गंज सुटतो तेव्हा कोरडा, टणक आवाज येतो, टक्. लोखंड पिळलं जातं तेव्हा आवाज येत नाही, हाताला मात्र रबर ओढल्यासारखं मऊ लागतं. तो मऊपणा वाईट.

पान्याच्या दांड्यात लांब पाईप घालून जोर वाढवला तर?

१४ इंची पान्यावर धडधाकट माणूस जेवढा जोर लावतो, त्यातच जुना पाऊण इंची पाईप मोडू शकतो. दांडा दुप्पट केला की जोर दुप्पट, पण आट्याच्या तळाचं लोखंड तेवढंच राहतं. चांगल्या, न गंजलेल्या इंची-सव्वा इंची पाईपावर १८ इंची पाना ठीक आहे. त्याच्यावर पाईप चढवायचा मोह झाला की मी तो जोड कापायचा असं ठरवूनच टाकतो.

एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं झालं ते सांगाल का?

आमच्याच गच्चीवरचं सांगतो. घर समुद्रापासून दूर नाही, त्यामुळे लोखंडाला बारा महिने खारी हवा. पाऊण इंची लाईन, टाकीतून आडवी येऊन एल्बोने खाली वळलेली. एल्बोच्या खालच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. जवळ युनियन होती, पण तिचा नट एल्बोपेक्षाही जाम.

शुक्रवारी संध्याकाळी ब्रशने घासलं. आट्यांत स्क्रू ड्रायव्हर रुतला नाही, म्हणून सोडवायचं ठरलं. तेल, ठोके. रात्री पुन्हा तेच. शनिवारी सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आडवा पाईप एल्बोपासून आठ इंचांवर कापला, खडूची रेघ ओढली आणि हीट गन लावली. पाच मिनिटांनी एल्बो कोमट. मग डोक्यात प्रकाश पडला: खालचे नळ सगळे बंद, उभा पाईप गळ्यापर्यंत भरलेला. धाकट्या भावाला अंगणातला नळ उघडायला पिटाळलं. बादलीभर पाणी निघालं.

दुसऱ्यांदा चार मिनिटांत थेंब चुर्र झाला. पाने लावले, दांडे जवळ आणले, काही नाही. निवू दिलं, तेल, ठोके. तिसऱ्यांदाही काही नाही, उलट वरचा पाना घसरला. पाहिलं तर दातांत गंजाची पेस्ट भरली होती. ब्रशने दात साफ केले. चौथ्या फेरीत आधी आवळायच्या दिशेला दाबलं आणि टक् झालं. रेघ तोंडाशी दोन मिलिमीटर तुटली. आवळायच्या दिशेला! पण एकदा गंज फुटला की दिशा कुठलीही असो. मग सोडायच्या दिशेला पाव फेरा, परत थोडं मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. हे आटे निमुळते असतात, त्यामुळे पहिला अर्धा फेरा जड आणि नंतर सगळं सैल. पुढचे पाचएक फेरे कापलेला तुकडा हातात धरून झाले.

आतली सुतळी काळी भुकटी झाली होती. पाईपाचे शेवटचे दोन आटे अर्धे खाल्लेले निघाले, म्हणून प्लंबरकडून दोन इंच कापून नवी डाय मारून घेतली. एल्बो टाकून दिला.

आणि पाईप फिटिंगच्या आतच मोडला तर?

फिटिंग टाकायचं असेल तर काही बिघडलं नाही. अडचण येते ती भिंतीतल्या एल्बोत तुकडा अडकला की. हॅक्सॉचं नुसतं पातं फडक्यात धरून आत घाला आणि अडकलेल्या तुकड्याला आतून बाहेर लांबीच्या दिशेने चीर पाडा. साधारण अर्ध्या इंचाच्या अंतरावर दुसरी चीर. एल्बोचे आटे दिसू लागण्याच्या आधी थांबायचं. आट्याला पात्याचा एखादा ओरखडा गेला तर सफेदा तो भरून काढतो, खोल गेला तर जोड कायम गळतो. मग बारीक छन्नीने दोन चिरांमधली पट्टी आत वळवा. ती सुटली की उरलेला तुकडा आकसतो आणि पक्कडीने फिरून येतो. अर्धा तास जातो, पण भिंत फोडावी लागत नाही.

परत जोडताना पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय करायचं?

पाईपाच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने सुतळी किंवा टेप गुंडाळा, वर सफेदा लावा आणि हाताने बसेल तेवढं बसवून मग दोन पान्यांनी दीड-दोन फेरे आवळा. आवळताना एल्बोची दिशा पुढे गेली म्हणून मागे फिरवू नका, गळतो. बाहेर उरलेल्या उघड्या आट्यांवर झिंकचा रंग दोन हात मारा. सगळी कहाणी सुरू झाली ती त्याच आट्यांपासून. आणि एल्बोजवळ एक नवी युनियन टाका, तिच्या नटाच्या आट्यांना ग्रीस लावून.

पाणी कधी सोडायचं?

टेप असेल तर लगेच. सुतळी-सफेदा असेल तर मी रात्रभर तसंच ठेवतो आणि सकाळी व्हॉल्व्ह पाव उघडून जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरतो. थेंब डोळ्याला दिसण्याआधी कागदावर दिसतो.